'150+ युजर्स' ही ओळ रिसर्चचा माणूस कशी वाचतो

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीची. बागायतदारांचा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या एका छोट्या ॲपसाठी यूएक्स रिसर्चर म्हणून काम करते, म्हणजे वापरणाऱ्यांना ॲपमध्ये कुठे आणि का अडतं ते शोधते. आता पुण्या-मुंबईत किंवा घरून करता येईल अशी नोकरी शोधतेय, पण रेझ्युमे पाठवला की पुढे काही होत नाही. मुख्य ओळ अशी आहे: 'मुलाखती, सर्व्हे, युजेबिलिटी टेस्टिंग, कार्ड सॉर्टिंग, पर्सोना, जर्नी मॅप वापरून 150+ युजर्सवर संशोधन; ऑर्डरमध्ये 40% वाढ.' खरं म्हणजे 9 गिऱ्हाइकांच्या आणि 5 बागायतदारांच्या मुलाखती झाल्या, 6 जणांची टेस्ट झाली आणि 130 जणांनी व्हॉट्सॲपवरचा सर्व्हे भरला. आकडे लहान वाटतात म्हणून एकत्र केले. रेझ्युमे आणि कामाची टिपणं सोबत जोडली आहेत. रिसर्चचा माणूस हे वाचताना नक्की काय बघतो?

उत्तर:

आधी ती बेरीज मोडा. 9, 5, 6 आणि 130 मिळून बरोबर 150 होतात, म्हणजे पुढचं अधिकचं चिन्हसुद्धा उगाच आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. एका बाईशी तासभर बोलणं आणि एकाने व्हॉट्सॲपवर चार बटणं दाबणं, ही दोन्ही माणसं तुम्ही एकाच रकान्यात मोजलीत. रिसर्चरची भरती करणारी माझ्यासारखी बाई ती ओळ वाचते तेव्हा तिला 150 हा आकडा मोठा वाटत नाही. तिला एवढंच कळतं की कुठल्या प्रश्नाला किती माणसं लागतात, हे लिहिणारीने सांगितलेलं नाही. कधीकधी तिला ते माहीतच नसावं असाही संशय येतो. तुमची टिपणं वाचल्यावर मला कळलं की तुम्हाला ते चांगलं माहीत आहे. रेझ्युमेने ते लपवून ठेवलंय.

माझ्यापर्यंत कागद पोचतो त्याआधी एचआरमधलं कोणीतरी शब्द शोधतं, हे खरं आहे. म्हणून मुलाखती, युजेबिलिटी टेस्टिंग, सर्व्हे हे शब्द कागदावर असू देत. पण ज्या कामात ते वापरले त्या कामाच्या ओळीत ते यावेत, ओळीने मांडलेल्या माळेत नकोत. पर्सोना आणि जर्नी मॅप तर पद्धतीच नाहीत. संशोधनात जे सापडलं ते मांडायचे ते नमुने. पद्धतींच्या रांगेत ते दिसले की जाणकार वाचणारा तिथेच अडखळतो. आणि कार्ड सॉर्टिंग, म्हणजे लोकांना कार्डांचे गट पाडायला लावणं? तुमच्या टिपणांत ते मला कुठेच सापडलं नाही. कोर्समध्ये एकदा केलं असेल तर काढून टाका. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल: गट तुम्ही दिले होते की लोकांनी पाडले, कार्डं किती होती, आणि दोन माणसांनी वेगळे गट पाडले तेव्हा तुम्ही काय केलंत? तिथे गप्प बसलात की बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

आता मी वाचते कसं, ते तुमच्याच कामावर सांगते. मी पहिल्यांदा शोधते तो अडलेला निर्णय. संशोधन सुरू झालं तेव्हा कंपनीत कोण काय ठरवायला बसलं होतं? तुमच्या रेझ्युमेत याचा पत्ता नाही, पण टिपणांच्या दुसऱ्याच पानावर आहे. पेटी निवडण्याच्या पानावरून गिऱ्हाईक परत जात होतं आणि मालकांना वाटत होतं की भाव जास्त आहे, म्हणून सवलतीचं कुपन काढू. म्हणजे कुपन काढायचं की नाही, हा निर्णय टेबलावर होता. रेझ्युमेत ही एक ओळ आली की पुढच्या सगळ्या आकड्यांना जागा मिळते. 9 मुलाखती कमी की जास्त, हे त्या निर्णयाशिवाय सांगताच येत नाही.

मग बघते की त्या प्रश्नाला ती पद्धत का घेतली. गिऱ्हाईक का परत जातं हे कळत नव्हतं, म्हणून तुम्ही मुलाखती घेतल्या. बरोबर केलंत. तिथे सर्व्हे लावला असता तर तुम्हीच लिहिलेल्या चार पर्यायांतून लोकांनी 'भाव जास्त' निवडलं असतं, कुपन निघालं असतं आणि विषय संपला असता. मुलाखतींतून दुसरंच निघालं. दादरच्या एका बाईंचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं उतरवून ठेवलंय: 'सहा डझनीची पेटी चार डझनीपेक्षा स्वस्त होती आणि आंबे जास्त, म्हणून तीच घेतली. आली तर लिंबाएवढे आंबे.' रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं की पेटी तेवढीच असते, डझन वाढले की फळ बारीक होतं. दादरला ते माहीत नाही. तुमच्या पानावर मात्र '4 डझनी, 5 डझनी, 6 डझनी' एवढंच लिहिलं होतं. पान बागायतदाराच्या भाषेत होतं आणि घेणारा ते वाण्याच्या दुकानातल्यासारखं वाचत होता. शिवाय पेटीवर पाठवण्याची तारीख होती, पण लोकांना हवी होती खायची तारीख. 'शनिवारी सत्यनारायण, आंबा मंगळवारी आला तो हिरवागार,' हे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं वाक्य. कच्चा आंबा घरी गवतात अढी लावून पिकवायचा असतो हे ज्याला माहीत नाही, त्याला कच्ची पेटी फसवणूकच वाटणार.

यातलं काहीही तुमच्या रेझ्युमेत नाही. 'मुलाखती' हा शब्द तेवढा आहे.

त्यानंतर माणसं कोण होती ते बघते. किती होती यापेक्षा मी इथे जास्त रेंगाळते. तुमच्या 9 जणांत 5 नेहमीचे घेणारे होते आणि 4 जण पेटी निवडून पैसे न भरता निघून गेलेले. हे 4 जण तुम्ही अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींच्या यादीतून, परवानगी विचारून गाठलेत. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांशी बोलणं सोपं असतं; ते गोड बोलतात आणि त्यांना डझनीचं गणित एव्हाना कळलेलं असतं. परत गेलेला माणूस गाठून बोलता करणं कठीण. 'त्यांतले 4 ऑर्डर अर्धवट सोडलेले' हे चार-पाच शब्द रेझ्युमेत आले की 9 हा आकडा मला पुरतो.

आता 6 जणांची टेस्ट, म्हणजे त्यांना ॲपवर एखादं काम सांगून ते कुठे अडतात ते बघणं. पाच माणसांत बहुतेक अडचणी सापडतात, असं सगळेच म्हणतात. ते आलंय युजेबिलिटीचे अभ्यासक नीलसन आणि लँडॉवर यांच्या 1993 च्या कामातून. त्यांच्या सरासरीनुसार एका माणसाच्या टेस्टमध्ये जवळपास 31 टक्के अडचणी दिसतात, म्हणून पाच जणांत साधारण 85 टक्के दिसतात. पण हे बऱ्याच जणांना येणाऱ्या ठळक अडचणींना लागू आहे. जी अडचण दहात एकालाच येते, ती 6 जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून 6 जणांची टेस्ट 'अडचण आहे' हे सांगू शकते. 'दुसरी अडचण नाही' हे तिला सांगता येत नाही, आणि 'किती टक्के लोकांना आहे' हे तर नाहीच.

आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलंय. रेझ्युमेच्या दुसऱ्या पानावर '67% युजर्सनी चुकीची पेटी निवडली' अशी ओळ आहे. हे 6 पैकी 4 आहेत. एवढ्या लहान गटावरून खरं प्रमाण काढायचं तर ते साधारण 30 ते 90 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे प्रमाण म्हणून त्याला अर्थ नाही. टक्के दिसले की मी खाली माणसं किती ते शोधते, आणि 6 दिसले की लिहिणारीने टक्के का लावले असा प्रश्न पडतो. '6 पैकी 4 जणांनी मोठं फळ हवं असताना 6 डझनी पेटी निवडली' असं लिहा. हे वाक्य जास्त पटतं, कारण त्यात काय करायला सांगितलं होतं आणि माणूस कुठे चुकला, दोन्ही दिसतं. लहान आकडा उघडा लिहिणाऱ्या माणसाचा मोठा आकडाही मी विश्वासाने वाचते.

130 चा सर्व्हे हा तुमचा सर्वांत मोठा आकडा आणि माझ्या नजरेत सर्वांत कच्चा. टिपणांत लिहिलंय की यादीतल्या सुमारे 900 गिऱ्हाइकांना तो पाठवला होता. म्हणजे सातांतल्या एकाने भरला. यादीत सगळे आधी ऑर्डर केलेले लोक. परत गेलेले तिथे नाहीतच. पुस्तकी गणित सांगतं की 130 जणांवरचा अंदाज 9 टक्क्यांपर्यंत वरखाली होऊ शकतो, पण ते गणित चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांचं आहे. आपणहून भरणाऱ्यांना ते लागू होत नाही. म्हणून तुम्ही सर्व्हेवर 'किती जणांना अडचण आहे' हे टांगू नका. तो तुम्ही वापरलात दुसऱ्याच कामाला, आणि ते वापरणं बरोबर होतं: मुलाखतींत निघालेल्या गोष्टींपैकी आधी काय दुरुस्त करायचं? 130 पैकी 71 जणांनी 'खायला कधी तयार होईल' हे ऑर्डरआधी कळायला हवं असं सांगितलं. काम कुठल्या क्रमाने घ्यायचं हे ठरवायला एवढं पुरे. रेझ्युमेत 'नियमित गिऱ्हाइकांत सर्व्हे, 900 पैकी 130 उत्तरं, कामाचा क्रम ठरवण्यासाठी' असं लिहा. भागाकार लपवला तरी मुलाखतीत निघतोच.

आता निर्णय काय बदलला, म्हणजे ज्या भागासाठी मी रेझ्युमे वाचते तो. तुमच्या ओळीत तिथे आहे 'ऑर्डरमध्ये 40% वाढ'. मी कोकणातलीच, गुहागरची. हे वाचून मला हसू आलं, रागावू नका. नवं पान तुम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावलंत आणि तुलना मार्चशी केलीत. मार्चमध्ये आंबा कमी आणि भाव चढा. एप्रिलमध्ये आवक वाढते, भाव उतरतो, अक्षय तृतीया जवळ येते. पान तसंच ठेवलं असतं तरी ऑर्डरी वाढल्याच असत्या. पुण्यातला वाचणारा हे इतकं नेमकं सांगू शकणार नाही, पण 'त्याच काळात आणखी काय बदललं होतं?' एवढं तो नक्की विचारेल. मागच्या वर्षीच्या एप्रिलशी तुलना केली तरी सुटका नाही, कारण अवकाळी पाऊस आणि मोहोरावरची कीड यांनी दर वर्षी पीक वेगळं असतं. अर्ध्या गिऱ्हाइकांना जुनं आणि अर्ध्यांना नवं पान एकाच वेळी दाखवलं असतं तर सांगता आलं असतं. ते झालं नाही, तर तो आकडा काढा.

त्याच्या जागी टाकायला तुमच्याकडे चांगला आकडा पडलाय आणि तुम्ही तो वापरलाच नाहीत. तक्रारींच्या फोनची वही. तिच्यात तुम्ही कारणासकट फोन लिहिलेत: 'फळ अपेक्षेपेक्षा लहान' असे फोन पान बदलण्याआधी शंभर ऑर्डरींमागे 11 होते, नंतर 4 झाले. ऑर्डरी वाढल्या तरी शंभरामागचा हिशेब असल्याने मोसमाचा भार त्यावर फारसा पडत नाही, आणि तक्रार थेट त्या पानाशी जोडलेली आहे. 'आंबा कच्चा आला' हे फोनही घटले, पण ते आपल्या खात्यावर मांडू नका. उष्मा वाढला की फळ आपोआप लवकर पिकतं. त्यातलं किती श्रेय तुमच्या पानाचं आणि किती हवेचं, हे वेगळं काढता येणार नाही. हा फरक तुम्ही मुलाखतीत स्वतःहून बोललात तर समोरचा रिसर्चर पेन खाली ठेवून ऐकेल.

आकड्याच्याही आधी निर्णय लिहा. कुपन बाजूला ठेवलं गेलं, हा पहिला. पानावर आधी फळ केवढं ते ग्रॅममध्ये आणि मग डझन, हा दुसरा. तिसऱ्यात मला सगळ्यांत जास्त रस आहे, कारण तिथे तुमची शिफारस पडली. तुम्ही सुचवलं होतं की प्रत्येक पेटीवर खायची पक्की तारीख द्यावी. 5 बागायतदारांनी ते हाणून पाडलं. एकांचे शब्द तुमच्या वहीत आहेत: 'आंबा काय घड्याळ लावून पिकतो काय?' त्यावरून तुम्ही पक्क्या तारखेऐवजी 'साधारण या दिवसापासून या दिवसापर्यंत' असं दाखवलंत आणि अढी घरी कशी लावायची ते खाली दिलंत. रेझ्युमेत लोक असं लिहीत नाहीत, कारण त्यांना ते हरल्यासारखं वाटतं. मला त्यातून कळतं की बागायतदारांच्या मुलाखती दाखवायला घेतल्या नव्हत्या. त्यांनी रचना बदलली.

हे सगळं उतरवलं की नोंद साधारण अशी होते. रेझ्युमे इंग्रजीत जाणार, ते तुम्ही करालच:

हापूसच्या थेट विक्रीचं ॲप. एकटी रिसर्चर, मालक, एक डिझायनर आणि डेव्हलपर यांच्यासोबत.

- निर्णय: पेटी निवडण्याच्या पानावरून गिऱ्हाईक परत जात होतं, सवलतीचं कुपन काढायचं का, हे ठरायचं होतं.
- काम: 9 गिऱ्हाइकांच्या मुलाखती (त्यांतले 4 ऑर्डर अर्धवट सोडलेले) आणि 5 बागायतदारांच्या, 6 जणांची युजेबिलिटी टेस्ट, कामाचा क्रम ठरवण्यासाठी नियमित गिऱ्हाइकांत सर्व्हे (900 पैकी 130 उत्तरं).
- सापडलं: डझन वाढले की फळ लहान होतं हे शहरी गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, टेस्टमध्ये 6 पैकी 4 जणांनी उलटी पेटी निवडली.
- बदललं: कुपन रद्द, आधी फळाचं वजन, मग डझन, बागायतदारांच्या हरकतीमुळे खायच्या पक्क्या तारखेऐवजी दिवसांचा पट्टा.
- परिणाम: 'फळ लहान' या तक्रारी शंभर ऑर्डरींमागे 11 वरून 4.

तुमच्या जुन्या ओळीपेक्षा हे लांब आहे, पण एका पानाच्या रेझ्युमेत अशी दोन कामं आरामात बसतात. दोनच पुरेत.

दुसरं कुठलं, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचं. तुम्ही ते शेवटी 'इतर' मध्ये कोंबलंय आणि पुढे 'प्रकल्प पूर्ण झाला नाही' असं लिहिलंय. बर्फ आणि डिझेल ॲपवरून मागवण्याची सोय करायची का, हे बघायला तुम्ही बंदरावर बसलात, 4 बोटमालक आणि त्यांच्या बोटी चालवणाऱ्या तांडेलांचं काम पाहिलंत. निघालं असं की बर्फ आणि डिझेल उधारीवर येतं, हिशेब मासळी विकल्यावर होतो, आणि ही उधारी ज्या व्यापाऱ्याची, मासळीही त्यालाच जाते. आगाऊ पैसे मागणारं ॲप तिथे कोण उघडणार? त्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे वर्षातले दोन महिने धंदाच बंद. तुमच्या अहवालानंतर मालकांनी ते करायचं सोडून दिलं. अहो, याला अपूर्ण म्हणत नाहीत. काम सुरू होण्याआधीच थांबवलं, डेव्हलपरचे महिने वाचले. 'बांधू नये असा निर्णय' हे शब्द त्या नोंदीत यायला हवेत. फक्त किती पैसे वाचले याचा आकडा रचू नका. तो तुमच्याकडे नाही. आणि 4 बोटी एकाच बंदरातल्या आहेत. हर्णैला किंवा मालवणला चित्र वेगळं असू शकतं, तेव्हा 'मिरकरवाडा बंदर' असं नाव घालूनच लिहा.

एक गोष्ट आजच्या आज करा. तुम्ही जोडलेल्या टिपणांत दोन गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर स्पष्ट दिसतायत, आणि तक्रारींच्या वहीच्या फोटोत नावं आहेत. ती फाइल आणखी कोणाला पाठवली असेल तर तिथूनही मागे घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर ही लोकांची वैयक्तिक माहिती आहेच, पण कायदा राहू द्या. ज्या रिसर्चरच्या पोर्टफोलिओत सहभागी लोकांचे नंबर उघडे पडलेत, तिच्या हाती आमच्या लोकांची यादी कशी द्यायची, असा विचार मी तरी करेन. 'दादर, नियमित गिऱ्हाईक' एवढी ओळख पुरते. संमती कशी घेतली होती तेही एका वाक्यात पोर्टफोलिओत लिहा: तोंडी की लेखी, रेकॉर्डिंगची वेगळी विचारली होती का.

राहिला 11 आणि 4 चा प्रश्न. ते तुमच्या मालकांच्या धंद्याचे आकडे आहेत, तेव्हा बाहेर लिहिण्याआधी त्यांना विचारा. हो म्हणाले तर तसेच घाला. नको म्हणाले तर 'तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या' असं लिहा, आणि मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तर आकडा कंपनीचा आहे म्हणून सांगत नाही, पण कसा मोजला ते सांगते, असं म्हणून वहीची पद्धत समजावून सांगा.